गुलिक कोणत्या स्थानात? आधी घटिका विचारा

केरळात मांडलेली जन्मपत्रिका हाती आली, तर तिच्यात नऊ ग्रहांशिवाय आणखी एक खूण दिसते: ‘मा’. मा म्हणजे मांदी. मंद हे शनीचं नाव आणि मांदी हा त्याचा पुत्र. हाच गुलिक. आपल्या मराठी पत्रिकांत हर्षल, नेपच्यून आणि प्लूटोला एव्हाना हक्काची जागा मिळाली आहे. जुन्या ग्रंथांतल्या या शनिपुत्राला मात्र सहसा कोणी मांडत नाही. केरळात प्रश्नशास्त्राचं पानही त्याच्यावाचून हलत नाही. १६४९च्या सुमारास उत्तर मलबारात लिहिल्या गेलेल्या ‘प्रश्नमार्गा’त आयुष्याचा प्रश्न पाहताना गुलिकाचे अंश लग्न, चंद्र आणि रवी यांच्या अंशांत मिसळून वेगवेगळे स्फुट काढले जातात. त्याच मुलुखात गुलिकन नावाचा तेय्यमही नाचतो.

आकाशात मात्र गुलिक दाखवता येत नाही. राहू-केतूही दिसत नाहीत, पण चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते ते दोन बिंदू म्हणून त्यांना खगोलात पत्ता आहे. गुलिकाचा पत्ता घड्याळात आहे. दिवसाचा एक विशिष्ट क्षण धरायचा, त्या क्षणी पूर्वेला कोणती रास किती अंशांवर उगवत होती ते काढायचं, तोच गुलिक. म्हणजे एका विशिष्ट वेळेचं लग्न. म्हणूनच, तो क्षण नेमका कोणता यावर सगळं अडतं.

‘बृहत्पाराशरहोराशास्त्र’ सांगतं ती रीत अशी. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समान भाग करायचे. पहिला भाग त्या दिवसाच्या वारेशाचा आणि पुढचे वारांच्या क्रमाने. आठवा भाग बेवारस. शनीच्या वाट्याला आलेला भाग गुलिकाचा. शनिवारी तो पहिलाच येतो, शुक्रवारी दुसरा आणि असं करत रविवारी सातवा. रात्रीच्या जन्माला रात्रीचे आठ भाग करतात, पण सुरुवात त्या वारापासून पाचव्या वाराच्या स्वामीने होते. रविवारी रात्री पहिला भाग गुरूचा, मग शुक्र आणि तिसरा शनीचा. इथे हमखास होणारी चूक कॅलेंडरची. सोमवारी पहाटे तीनला जन्मलेलं मूल पंचांगाच्या हिशेबाने रविवारच्या रात्रीचं असतं. सोमवार धरला, तर गुलिक भलत्याच राशीत जाऊन बसतो.

शनीचा भाग सापडला, तरी वाद संपत नाही. भागाच्या सुरुवातीचं लग्न घ्यायचं, मध्याचं की शेवटचं? पाराशरी परंपरेत बहुतेक जण सुरुवात घेतात. मंत्रेश्वराच्या ‘फलदीपिके’त भाग पाडायची भानगडच नाही. तिथे ३० घटींच्या दिवसाला थेट घटी दिल्या आहेत: रविवारी २६, सोमवारी २२ आणि पुढे रोज चार कमी होत शनिवारी २. दिनमान ३० घटींहून कमी-जास्त असेल, तर त्या प्रमाणात या घटी वाढवायच्या किंवा घटवायच्या. ३३ घटींच्या दिवशी रविवारचा आकडा २८ घटी ३६ पळं होतो.

हे दोन्ही हिशेब शेजारी मांडून पाहावेत. ३० घटींचा आठवा भाग पावणेचार घटींचा, म्हणजे दीड तासाचा. मंत्रेश्वर मात्र चार-चार घटींची पावलं टाकतो. त्यामुळे त्याचा क्षण रोज शनीच्याच भागात पडतो, पण त्या भागातली त्याची जागा सरकत जाते. शनिवारी तो भागाच्या मध्याच्या किंचित पुढे असतो, तर रविवारी जवळजवळ शेवटाला टेकतो. गुलिक भागाच्या मध्याला की शेवटाला, या जुन्या वादात फलदीपिकेला कोणत्याच बाजूने साक्षीला उभं करता येत नाही, ते यामुळे.

या फरकाने पत्रिकेत काय होतं ते एका उदाहरणात पाहू. २१ मार्च, रविवार, पुण्याचा अक्षांश. सोयीसाठी स्थानिक वेळेने सूर्योदय सहाला, सूर्यास्त सहाला. जन्म सकाळी पावणेसातचा. चित्रापक्ष अयनांशाने लग्न मीन, सुमारे २० अंश. रवी लग्नातच, मीनेच्या सहा अंशांच्या आसपास. शनीचा भाग दुपारी तीन ते साडेचार. (मूल सकाळी जन्मलं आणि त्याच्या पत्रिकेतला गुलिक दुपारी यायचा आहे, हे विचित्र वाटलं तरी रीत अशीच आहे.) तीनचं लग्न कर्क २४ अंश. मधल्या क्षणाचं, म्हणजे पावणेचारचं, सिंह ४ अंश. फलदीपिकेच्या २६ घटी म्हणजे ४ वाजून २४ मिनिटं, तेव्हा सिंह १३ अंश.

मीन लग्नाला कर्क हे पंचम स्थान आणि सिंह हे षष्ठ. पाराशरी फळांत पंचमातला गुलिक दारिद्र्य, अल्पायुष्य आणि द्वेषी स्वभाव देतो. षष्ठातला शत्रू नाहीसे करतो, शरीर धडधाकट ठेवतो, माणसाला उत्साही आणि इतरांच्या उपयोगी पडणारा बनवतो. जन्मवेळ एक, जन्मस्थळ एक, आणि फळं अशी परस्परविरोधी! मध्याचा क्षण धरणाऱ्याची तर आणखी पंचाईत. सिंहेचे ४ अंश भावसंधीवर येतात. चलित समभावाने मांडलं तर गुलिक पंचमात, श्रीपती पद्धतीने मांडलं तर षष्ठात.

स्थानफळांचा सांगाडा तसा सोपा आहे. इतर पापग्रहांप्रमाणे गुलिकही तृतीय, षष्ठ, दशम आणि एकादशात बरा मानला जातो. पाराशरीत दशमातल्या गुलिकाला पुत्रसुख आणि देवधर्माची आवड दिली आहे. लग्न, द्वितीय, चतुर्थ, सप्तम, अष्टम, नवम, व्यय इथली फळं वाईट, आणि ती बेधडक भाषेत सांगितलेली. ती शब्दशः वाचून कुणाला घाबरवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, कारण त्याच परंपरेत पुढची पायरीही आहे: गुलिक ज्या राशीत आहे तिचा स्वामी पाहा. तो बलवान होऊन केंद्रात किंवा त्रिकोणात असेल, तर दोष फिका पडतो, काहींच्या मते राजयोगाचं फळ मिळतं. आपल्या उदाहरणात सिंहेचा स्वामी रवी लग्नात, म्हणजे केंद्रात, मित्र गुरूच्या राशीत आहे. कर्क धरली, तर तीच जबाबदारी चंद्रावर येते आणि चंद्र कुठे आहे ते तिथीवर ठरणार. तिसरी पायरी युतीची. रवीबरोबर गुलिक असला तर वडिलांविषयी, चंद्राबरोबर असला तर आईविषयी चिंता सांगतात. पण शनीच्या भागाच्या दीड तासात लग्न वीसेक अंश सरकतं, त्यामुळे ही युतीही घटिकेच्या निवडीवर जुळते किंवा मोडते.

काही जण गुलिक आणि मांदी हे दोन स्वतंत्र बिंदू धरतात आणि कुंडलीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नावं वेगवेगळ्या अंशांसह दिसतातही. फलदीपिकेत ही नावं एकाच उपग्रहाची आहेत. माझ्या मते दोन बिंदू मांडून दोन्हींची फळं सांगणं म्हणजे एकाच शनिपुत्राची दोनदा हजेरी लावणं. ज्या ग्रंथाची घटिका घेतली, त्याच ग्रंथाची स्थानफळं वाचावीत. पाराशरी गणिताने बिंदू काढून मंत्रेश्वराचं फळ जोडलं, तर निकाल दोघांपैकी कोणाचाच राहत नाही. तेव्हा ‘तुमच्या पंचमात गुलिक आहे’ असं कोणी सांगितलं, तर शांतीचा खर्च विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: शनीच्या भागातला कोणता क्षण धरला, आणि स्थान राशीवरून मोजलं की चलितावरून?