साहेब बदलला, मग मालिका बदलली

२०२० साली अमेरिकेत ऑनलाइन सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका नवी नव्हती. ती सात वर्षांपूर्वीच संपली होती. कागद विकणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या शाखेत घडणारी ‘द ऑफिस’ ही मालिका त्या एका वर्षात लोकांनी मिळून सुमारे ५,७०० कोटी मिनिटं पाहिली, असं नील्सन या मोजणी करणाऱ्या संस्थेने नोंदवलं. दिवसभर काम करून थकलेला माणूस पुन्हा ऑफिसच बघायला बसतो, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. पण ही मालिका सुरुवातीला कुठे अडखळली आणि नंतर कशी सावरली हे पाहिलं, की थकलेल्या माणसाला ऑफिसातलं नेमकं काय हसवतं आणि काय छळतं, ते लक्षात येतं.

मूळ ‘द ऑफिस’ ब्रिटिश. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेली ही मालिका २००१ साली बीबीसीवर आली. एक माहितीपट करणारी टोळी ऑफिसात कॅमेरा घेऊन बसली आहे, अशी कल्पना. त्यामुळे पार्श्वभूमीला रेकॉर्ड केलेलं हसू नाही, दृश्य थोडं हलतं आणि मधूनच एखादा कर्मचारी एकटा कॅमेऱ्यासमोर बसून आपलं म्हणणं मांडतो. डेव्हिड ब्रेंट हा साहेब स्वतःला विनोदी आणि लाडका समजतो. हाताखालच्यांना मात्र तो नकोसा वाटतो. शाखा बंद होणार, माणसं कमी होणार ही टांगती तलवार जवळपास सगळ्या भागांवर आहे आणि शेवटी खुद्द ब्रेंटचीच नोकरी जाते. लिखाण आणि अभिनय दोन्ही अव्वल. पण ज्याची स्वतःची नोकरी डळमळीत आहे, त्याला रात्री जेवताना हे बघवत नाही.

ग्रेग डॅनियल्स यांनी २००५ मध्ये तिचा अमेरिकी अवतार आणला. पहिल्या भागात ब्रिटिश संहिताच बहुतांशी तशी ठेवली होती. त्यातला एक प्रसंग बोलका आहे. नव्या तरुण कर्मचाऱ्यावर छाप पाडण्यासाठी साहेब मायकल स्कॉट रिसेप्शनिस्ट पॅमला बोलावतो, चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या चोरल्याचा खोटा आरोप करतो आणि नोकरीवरून काढल्याचं सांगतो. ती रडू लागते. मग तो म्हणतो, गंमत केली. इथे हसू येण्याऐवजी राग येतो, कारण कधी ना कधी वरिष्ठाच्या अशा ‘गमतीने’ अपमान झालेला असतोच. पहिल्या सहा भागांत मायकल बराचसा असाच आहे.

दुसऱ्या पर्वात लेखकांनी साहेबाची घडण बदलली. मायकलची भूमिका करणाऱ्या स्टीव्ह कॅरेलची केशरचना बदलली, चेहरा प्रसन्न दिसू लागला. पण खरी दुरुस्ती कथेत होती. मायकलचा मूर्खपणा तसाच ठेवला, क्रूरपणा कमी केला आणि लोकांनी आपल्यावर प्रेम करावं ही त्याची भूक ठळक केली. ‘द क्लायंट’ नावाच्या भागात तो एका मोठ्या गिऱ्हाइकाला ठरलेल्या हॉटेलऐवजी साध्या रेस्टॉरंटमध्ये नेतो. वरच्या अधिकारी जॅन यांना वाटतं, हा सगळं घालवणार. मायकल तासन्‌तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो, गिऱ्हाईक सैलावतं आणि ऑर्डर मिळते. हा माणूस विक्रीत खरोखर वाकबगार आहे, हे प्रेक्षकाला तिथे कळतं. साहेबाच्या खुर्चीत तो का बसला आहे, याचं उत्तर मिळाल्यावर त्याचा चक्रमपणा सहन होतो.

सोबत प्रेक्षकासाठी एक आधारही आहे. साहेब काहीतरी भयंकर बोलला, की जिम हळूच कॅमेऱ्याकडे पाहतो. शब्द एकही नाही. पण ‘हे तुम्हालाही विचित्र वाटलं ना?’ असं तो जणू आपल्यालाच विचारतो. खऱ्या मीटिंगमध्ये ज्याला असं नजरेनेसुद्धा बोलता येत नाही, त्याचं ओझं ही एक नजर हलकं करते.

या सगळ्या कारागिरीचा उत्तम नमुना म्हणजे फेब्रुवारी २००९ मध्ये आलेला ‘स्ट्रेस रिलीफ’ हा दोन भागांचा एपिसोड. अग्निसुरक्षेवरचं आपलं भाषण कोणी ऐकलं नाही म्हणून ड्वाइट गुपचूप खोट्या आगीचा सराव घडवतो. फोनच्या तारा कापतो, दारं बंद करतो, कड्या तापवतो, कचऱ्याच्या डब्यात धूर करतो. काही मिनिटांत ऑफिसचा कोलाहल होतो. मायकल सगळ्यांना शांत राहायला ओरडून सांगतो आणि स्वतःच सर्वांत जास्त घाबरतो. ऑस्कर छतात चढतो, त्याच्यासोबत जावी म्हणून अँजेला आपली मांजर वर फेकते आणि ती दुसऱ्याच ठिकाणाहून छत फोडून खाली येते. केविन यंत्राची काच फोडून खाऊ काढून घेतो. प्रत्येक जण आपल्या स्वभावाला धरूनच घाबरतो, म्हणून मालिका आधी न पाहिलेल्यालाही हसू येतं.

गोंधळात स्टॅन्लीला हृदयविकाराचा झटका येतो. तो बरा होऊन परततो तेव्हा त्याच्याकडे ताण वाढला की वाजणारं एक यंत्र असतं. मायकल जवळ आला की यंत्र वाजतं, लांब गेला की थांबतं. आपल्या माणसांच्या ताणाचं कारण आपणच आहोत, हे त्या साहेबाला एका पिटुकल्या यंत्राकडून कळतं. मग तो सगळ्यांना आपली जाहीर टर उडवायला सांगतो, त्यात स्वतःच दुखावला जातो, दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. परतल्यावर तो प्रत्येकावर एकेक ओळीचा चिमटा काढतो आणि स्टॅन्ली खदखदून हसू लागतो. साहेबावरचा राग, त्याची कीव आणि शेवटी त्याच्यासोबतचं हसू असा पूर्ण प्रवास पाऊण तासात होतो.

हाच उपचार डॅनियल्स आणि मायकल शुर यांनी पुढे आणखी एकदा केला. इंडियाना राज्यातल्या काल्पनिक नगरपालिकेच्या उद्यान विभागावरची ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ २००९ मध्ये आली. पहिल्या सहा भागांत लेस्ली नोप ही अधिकारी नुसतीच भाबडी वाटत होती. दुसऱ्या पर्वापासून ती कामात हुशार आणि सहकाऱ्यांची लाडकी झाली आणि मालिकेला सूर सापडला.

आपल्याकडच्या ‘ऑफिस ऑफिस’ने वेगळी वाट धरली. २००१ साली सब टीव्हीवर आलेल्या या हिंदी मालिकेत प्रेक्षक टेबलाच्या अलीकडे, पंकज कपूर यांच्या मुसद्दीलालसोबत उभा असतो. कार्यालय दर वेळी बदलतं, पण चिरीमिरी मागणारे चेहरे तेच: आसावरी जोशी यांच्या उषाजी, देवेन भोजानींचे पटेल, मनोज पाहवांचे भाटिया, संजय मिश्रांचे शुक्ला. साहेबाने छळलेल्यापेक्षा दाखल्यासाठी दिवसभर हेलपाटे घालून आलेल्याला ही मालिका जास्त जवळची वाटेल.

‘द ऑफिस’ नव्याने पाहणाऱ्याने पहिलं पर्व सोडून थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी फारसं अडत नाही. एक भाग साधारण बावीस मिनिटांचा, म्हणजे जेवण होईस्तोवर संपणारा. स्टीव्ह कॅरेल सातव्या पर्वात निघून जातो, त्यानंतर मालिकेचा तोल जरा ढळतो. दुसऱ्याची फजिती पाहून ज्यांना स्वतःच अवघडल्यासारखं होतं, त्यांनी सहाव्या पर्वातला ‘स्कॉट्स टॉट्स’ आणि चौथ्यातला ‘डिनर पार्टी’ हे दोन भाग सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावेत. पहिल्यात मायकलने गरीब शाळकरी मुलांना कॉलेजच्या फीचं दिलेलं वचन मोडतं, दुसऱ्यात पाहुण्यांसमोर त्याचं आणि जॅनचं घर कोसळतं. दोन्ही भाग अप्रतिम आहेत, पण दमलेल्या रात्री ते विश्रांती देत नाहीत.