घरच्या प्रिंटरवरचं भेटकार्ड : आतला मजकूर उलटा का येतो?

घरी भेटकार्ड छापताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. मुखपृष्ठ झकास येतं, पण कार्ड उघडावं तर आतल्या शुभेच्छा उलट्या. यात प्रिंटर बिघडलेला नसतो. एक बाजू छापून झाल्यावर कागद कोणत्या कडेवरून उलटायचा, एवढीच सूचना त्याला चुकीची मिळालेली असते.

समजा, आजोबांच्या पंच्याहत्तरीचं कार्ड करायचं आहे. साधा ए-फोर कागद घ्यायचा, म्हणजे 297 बाय 210 मिलिमीटरचा. तो आडवा धरून मधोमध घडी घातली की पुस्तकासारखं उघडणारं, साधारण 148 मिलिमीटर रुंद आणि 210 मिलिमीटर उंच कार्ड तयार होतं. संगणकाकडे वळण्याआधी एका रद्दी कागदाची अशीच घडी घाला. छपाईवाले याला डमी म्हणतात. मुखपृष्ठावर 1, आत डावीकडे 2, उजवीकडे 3 आणि मागे 4 असे आकडे लिहा आणि प्रत्येकाशेजारी वरच्या दिशेने बाण काढा. आता कागद पूर्ण उघडून पाहा. बाहेरच्या बाजूला डावीकडे 4 आणि उजवीकडे 1 दिसेल. आतल्या बाजूला 2 आणि 3. म्हणजे मुखपृष्ठ पहिल्या पानाच्या उजव्या अर्ध्या भागात येतं. अनेकजण ते डावीकडे ठेवतात आणि कार्ड मागून उघडायला लागतं.

हीच मांडणी वर्डमध्ये करायची. पान आडवं (Landscape), त्यावर दोन रकाने आणि मध्ये दोन सेंटिमीटर मोकळी जागा. पहिल्या पानाच्या उजव्या रकान्यात आजोबांचा फोटो आणि ‘अमृतमहोत्सवी शुभेच्छा’; डाव्या रकान्यात खाली हवं तर नातवंडांची नावं. दुसऱ्या पानावर मजकूर उजव्या रकान्यात ठेवायचा आणि डावा कोरा सोडायचा. हा केवळ शोभेचा भाग नाही. घरचा 75 किंवा 80 जीएसएमचा कागद पातळ असतो, त्यातून गडद शाई पलीकडे दिसते. फोटोची मागची बाजू आत डावीकडे येते, तर उजव्या मजकुरामागे जवळपास कोरं मलपृष्ठ असतं. त्यामुळे अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

आता मुख्य मुद्दा. आपण कार्ड घडीभोवती उघडतो, म्हणून कागदही घडीला समांतर असलेल्या कडेवरूनच उलटायला हवा. आपली घडी 210 मिलिमीटरच्या, म्हणजे आखूड कडेला समांतर आहे. म्हणून छापताना Flip on short edge हा पर्याय निवडायचा. कार्ड वरच्या बाजूने उघडणारं असलं, म्हणजे कागद उभा आणि घडी आडवी, तरीही पर्याय हाच. कारण घडी तेव्हाही आखूड कडेलाच समांतर असते. फक्त तिथे मुखपृष्ठ पानाच्या खालच्या अर्ध्यात येतं आणि वरच्या अर्ध्यातला मलपृष्ठाचा मजकूर उलटा मांडावा लागतो.

चूक झालीच तर कार्ड पाहूनच कळते. आतला मजकूर उलटा आणि डावीकडे आला असेल, तर कागद लांब कडेवरून उलटला गेला. मजकूर सुलटा पण डावीकडे असेल, तर मांडणीतच रकाना चुकला आहे. काही प्रिंटरांत आखूड कडेचा पर्यायच नसतो. तिथे फाइलमधलं दुसरं पान 180 अंशांनी फिरवून ठेवलं की काम होतं.

प्रिंटर दोन्ही बाजू आपोआप छापत नसेल, तर आधी एक चाचणी करा. कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीने बाण काढून तो ट्रेमध्ये ठेवा आणि पहिलं पान छापा. छपाई बाणाच्या बाजूला आली की पलीकडे, आणि पानाची वरची कड बाणाच्या कोणत्या हाताला आहे, ते पाहून घ्या. कागद पुन्हा कसा घालायचा ते यावरून ठरतं. प्रत्येक ट्रेची रीत वेगळी असल्याने दुसऱ्याच्या प्रिंटरचा अनुभव इथे चालत नाही. इंकजेट असेल तर दुसरी बाजू छापण्याआधी शाई वाळू द्या.

छापताना आकार 100 टक्के ठेवा. बहुतेक घरचे प्रिंटर काठाशी काही मिलिमीटर छापतच नाहीत, म्हणून रंग कडेपर्यंत नेण्यापेक्षा सगळीकडे पांढरी चौकट ठेवलेली बरी. घडीवर गडद रंगही नको. लेझर प्रिंटरची टोनर तिथे तडकते. शेवटी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून घ्या आणि मगच कागद दुमडा, म्हणजे घडी सरळ बसते.