क्लेमचं घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बरीच मंडळी गुंतलेली असतात. पॉलिसी विमा कंपनीची असते. फाइल तपासण्याचं काम बहुतेक वेळा टीपीए करते, म्हणजे विमा कंपनीने नेमलेली क्लेम हाताळणारी संस्था. आणि कर्मचाऱ्यांच्या कंपनीची बाजू ब्रोकर मांडतो. क्लेम रेंगाळतात अशी ओरड वाढली की ब्रोकर बैठक बोलावतो, किती दिवसांत काय व्हायला हवं ते ठरतं आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना एक इमेल पाठवतो. बैठकीत काय ठरलं याची लेखी नोंद बहुधा त्या इमेलमध्येच उरते. पुढे सहा महिन्यांनी वाद झाला, तर सगळे तोच इमेल उघडतात.

अशा इमेलमध्ये हमखास दिसणारं वाक्य असं : ‘रिइम्बर्समेंटचे क्लेम सात दिवसांत निकाली काढण्याचे ठरले.’ वाचायला स्पष्ट वाटतं. पण हे सात दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे आणि ‘निकाली’ कशाला म्हणायचं, हे त्यात नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका कारखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या हाताचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. रुग्णालय नेटवर्कमधलं नव्हतं, म्हणून त्याने बिल स्वतः भरलं. ५ जूनला त्याने सगळी कागदपत्रं एचआरकडे दिली. एचआरने आणखी काही फाइली जमल्यावर ९ जूनला गठ्ठा कुरिअर केला आणि ११ जूनला तो टीपीएकडे पोचला. १७ जूनला पहिली क्वेरी आली : प्लेटचं बिल आणि तिच्या वेष्टनावरचं स्टिकर पाठवा. रुग्णालयात खेटे घालून त्याने ते २५ जूनला पाठवलं. ३० जूनला दुसरी क्वेरी आली : डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासलं तेव्हाचा कागद पाठवा. तो ३ जुलैला गेला. ८ जुलैला क्लेम मंजूर झाला आणि १५ जुलैला खात्यात पैसे आले.

कर्मचाऱ्याच्या हिशेबाने चाळीस दिवस लागले. टीपीएच्या महिन्याच्या अहवालात याच क्लेमपुढे पाच दिवस लिहिलेले असतील, कारण ती शेवटचा कागद मिळाल्यापासून मंजुरीपर्यंतचे दिवस मोजते. यात कोणीही खोटं बोलत नाही. दोघांची घड्याळं वेगळ्या क्षणी सुरू होतात आणि वेगळ्या क्षणी थांबतात, एवढंच. त्यामुळे बैठकीत ‘सात दिवस’ला सगळ्यांनी मान डोलावली, तरी प्रत्येकाच्या मनातले सात दिवस निराळे होते.

म्हणून जाणता ब्रोकर एकच आकडा लिहून थांबत नाही. तो प्रवासाचे टप्पे पाडतो आणि प्रत्येक टप्पा कुणाचा, कधी सुरू आणि कधी पूर्ण, हे लिहितो. असे इमेल बहुधा इंग्रजीत असतात. त्यातला मजकूर मराठीत साधारण असा होईल :

‘१. कर्मचाऱ्याने दिलेली फाइल एचआर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत स्कॅन करून टीपीएला पाठवेल. घड्याळ या स्कॅनच्या तारखेपासून सुरू. मूळ कागद मागाहून येतील.
२. टीपीए चार कामाच्या दिवसांत सर्व त्रुटी एकाच क्वेरीत कळवेल. दुसरी क्वेरी पहिल्या उत्तरातूनच नवा मुद्दा निघाला तरच.
३. शेवटचा कागद मिळाल्यावर पाच दिवसांत निर्णय.
४. मंजुरीनंतर दोन कामाच्या दिवसांत विमा कंपनी पैसे पाठवेल. पैसे पाठवल्याचा यूटीआर क्रमांक मिळाला, की क्लेम पूर्ण.’

आता तीच फाइल या नियमांनी पाहू. ६ जूनला स्कॅन गेलं. ११ जूनला प्लेटचं बिल आणि पहिल्या तपासणीचा कागद, दोन्ही एकदमच मागितले. रुग्णालयातून कागद मिळवायला पूर्वीसारखेच आठ दिवस धरले तरी १९ जूनला उत्तर गेलं. २४ ला निर्णय, २६ ला पैसे. चाळीसाचे एकवीस दिवस झाले. यातली मोठी बचत एकाच क्वेरीने केली. मंजुरीनंतर पैसे पडून राहतात तो आठवडाही आटोक्यात आला, कारण घड्याळ आता मंजुरीच्या पत्रापाशी थांबत नाही.

कॅशलेसमध्ये सुरुवातीची वेळ आणखी नाजूक असते. विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती आल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी. त्यापुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचा. पण डॉक्टरांनी सकाळी नऊला ‘घरी जा’ म्हटलं आणि बिलिंगने दुपारी दोनला कागद पाठवले, तर तीन तास दोनपासून मोजले जातात. पेशंट मात्र नऊपासून ताटकळलेला असतो. बैठकीत रुग्णालय नसतं, त्यामुळे इमेल त्याला बांधू शकत नाही. इमेलमध्ये एवढं मात्र लिहून घेता येतं, की अहवालात रुग्णालयाची विनंती आल्याची वेळ आणि मंजुरीची वेळ दोन्ही असतील. मग उशीर कुठे झाला हे दर महिन्याला दिसतं.

अहवाल कसा द्यायचा, हेही त्याच इमेलमध्ये ठरावं लागतं. नुसती सरासरी मागितली तर ती फसवते. महिन्यात वीस क्लेम आले, अठरा सहा दिवसांत सुटले आणि दोन साठ दिवस लटकले, तर सरासरी साडेअकरा दिवसांच्या आत येते. ती पाहून त्या दोन घरांची ओढाताण कुणाला कळणार नाही. म्हणून ‘मुदत ओलांडलेल्या प्रत्येक क्लेमची क्रमांकासह यादी आणि कारण’ असं वाक्य हवं. यादीत क्लेम क्रमांक पुरे. नाव आणि आजार नको. हा इमेल दहा-पंधरा जणांना जातो आणि कुणाच्या दुखण्याची माहिती त्यातून फिरणं बरं नाही.

या इमेलला मर्यादाही आहेत. त्याने पॉलिसीच्या अटी बदलत नाहीत. जे आजार किंवा खर्च पॉलिसीत नाहीत, ते वेगाने नाकारले जातील इतकंच. नियामकाने घातलेली मुदत दोघांनी मिळून वाढवता येत नाही, कमी मात्र करता येते. आणि ‘दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू’ या ओळीवर विसंबू नये. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ‘मान्य’ असं लेखी कळवलेलं असेल, तरच पुढे त्या शब्दांना धार राहते. बैठकीला आलेल्या व्यक्तीला असा शब्द देण्याचा अधिकार होता का, हेही त्या उत्तरातून समजतं.

तुमच्या कंपनीत ग्रुप मेडिक्लेम असेल, तर एचआरला पॉलिसीच्या रकमेबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा : आमची फाइल तुम्ही किती दिवसांत पुढे पाठवता, आणि ठरलेले दिवस कुठल्या तारखेपासून मोजले जातात? उत्तर लेखी मिळालं, तर ब्रोकरने आपलं काम नीट केलं आहे. मिळालं नाही, तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच असायला हवा.