फ्रीझरमधून बाहेर काढलेलं चिकन

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एखादा जीवाणू वर्षानुवर्षं जिवंत ठेवायचा असेल, तर तो गोठवतात. बारीकशा नळीत थोडं ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं. कित्येक वर्षांनी त्यातला कणभर बर्फ खरवडून पोषक माध्यमावर लावला, की दुसऱ्या दिवशी वाढ दिसते. गोठवलं की जंतू मेले, असं घरोघरी समजतात, म्हणून ही नळी आधी दाखवली.

घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, काही जीवाणू मरतात हे खरं. पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि पेशीचं आवरण फाटतं. चिकनवरचा कॅम्पिलोबॅक्टर यात बराच कमी होतो. साल्मोनेला मात्र चिवट आहे आणि लिस्टेरिया त्याहून चिवट. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या पाच देशांत लिस्टेरियाची साथ पसरली. ४७ रुग्ण आढळले, ९ दगावले. तपासाचा माग गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांपर्यंत गेला. असे दाणे पुष्कळजण नुसते वितळवून सॅलडमध्ये घालतात, शिजवत नाहीत.

आता आपल्या ओट्यावर या. समजा, चिकनच्या तुकड्यावर हजार जीवाणू होते आणि गोठवल्यावर निम्मे मेले. पिशवी सकाळी ओट्यावर ठेवली. आतला भाग दगडासारखा असतानाच वरचा थर खोलीइतका गरम होतो, तांबूस पाणी सुटतं आणि जीवाणूंना तेच अन्न मिळतं. जखमी पेशी आधी थोडा वेळ सावरतात. मग उबेत दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ लागल्या, तर मेलेल्या निम्म्यांची भरपाई पहिल्या वीस मिनिटांतच होते. तीन तासांत नऊ दुपटी: पाचशेचे अडीच लाख. म्हणून चिकन आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून वितळू द्यावं. मोठा तुकडा असेल तर पूर्ण दिवस लागतो. असं फ्रीजमध्येच वितळलेलं चिकन पुन्हा गोठवलं तर धोका नाही, फक्त मांस कोरडं होतं. ओट्यावर तासन्‌तास पडलेलं मात्र परत फ्रीझरमध्ये टाकू नये. नीट शिजवलं तर जीवाणू मरतात खरे, पण काहींनी तोवर सोडलेलं विष उकळूनही जात नाही. वासावरून त्याचा पत्ता लागत नाही.

वीज बराच वेळ जाते त्या घरात आणखी एक अडचण असते: फ्रीझर मधे वितळून पुन्हा गोठला, हे कळणार कसं? वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते बर्फाच्या तळाशी गेलेलं असेल, तर त्या कप्प्यातलं मांस-मासे टाकून द्या.