भात निवतो कसा, यावर एक तास

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणे हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात शिकण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटत नाही. पण शिकाऊ आचाऱ्यांना अन्नस्वच्छतेचा एकच धडा द्यायचा झाला, तर मी हाच निवडेन. हात धुवा, टोपी घाला, नखे कापा हे त्यांनी आधीच ऐकलेले असते. पातेल्यात भात निवत असताना आत काय चालते, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवायला थर्मामीटर लागतो.

तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शेतातल्या मातीतून आलेले असतात आणि तांदूळ कितीही धुतला तरी सगळे जात नाहीत. भात शिजताना इतर जंतू मरतात, पण हे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही तगून राहतात. मग भात कोमट झाला की ते जागे होऊन वाढू लागतात आणि त्यांच्यातल्या काही जाती भातातच विष सोडतात. जंतू उष्णतेने मरतो, पण हे विष मरत नाही. सकाळी कढईत कितीही परतले, वाफ आणली, तरी ते जसेच्या तसे राहते. असा भात खाल्ल्यावर साधारण तासाभरापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. वासावरून किंवा चवीवरून काही कळेलच असे नाही. ‘वास घेऊन बघितला, चांगला होता’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही.

हे उघडकीला आले ब्रिटनमध्ये, 1970च्या दशकात. तिथल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडत. भात एकदम मोठ्या प्रमाणात उकडून ठेवायचा, तो फ्रिजमध्ये घट्ट होऊन गोळे होतात म्हणून बाहेरच राहू द्यायचा आणि गिऱ्हाईक आले की थोडा-थोडा परतून द्यायचा, अशी तिथली रीत होती. फोडणीच्या भाताची रीतही हीच आहे, फक्त प्रमाण लहान. खानावळीत मात्र प्रमाणही लहान राहत नाही.

आता प्रात्यक्षिक. आधी थर्मामीटर खरे बोलतो की नाही ते पाहायचे. बर्फाचा चुरा ग्लासभर घ्यायचा, त्यात जेमतेम पाणी घालून ढवळायचे आणि थर्मामीटरची सळई तळाला टेकू न देता मध्ये धरायची. आकडा 0 अंशांवर किंवा अगदी जवळ थांबला पाहिजे. उकळत्या पाण्याने तपासायला काही लोक सांगतात, पण पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे 98 अंशांनाच उकळते. तिथे 100 दिसले नाहीत म्हणून चांगला थर्मामीटर नादुरुस्त ठरतो. बर्फाची परीक्षा मुंबईत काय नि महाबळेश्वरात काय, सारखीच.

मग एकाच वेळी शिजवलेल्या भाताचे दोन भाग करायचे. एक भाग खोल पातेल्यात, झाकण लावून. दुसरा मोठ्या परातीत, तीन बोटांपेक्षा, म्हणजे सुमारे 5 सेंटिमीटरपेक्षा जाड थर होणार नाही असा, स्वच्छ झाऱ्याने पसरून पंख्याखाली. दर अर्ध्या तासाने दोन्हींच्या बरोबर मध्यभागी सळई खुपसून आकडा फळ्यावर लिहायचा. प्रत्येक मोजणीआधी सळई धुऊन पुसायची.

तास-दीड तासात परातीतला भात चाळिशीच्या आसपास किंवा त्याखाली येतो. पातेल्यात दोन तासांनंतरही मध्यभागी 80च्या वर आकडा दिसतो. इथे वर्गात हमखास कुणीतरी म्हणते, ‘मग पातेलेच बरे की! गरम भातात जंतू वाढत नाहीत.’ प्रश्न अगदी योग्य आहे, आणि धड्याचा गाभा त्याच्या उत्तरात आहे. 60 अंशांच्या वर भात सुरक्षित असतो हे खरे. पण तो तिथे राहत नाही. रात्री 10 वाजता झाकलेले पातेले मध्यरात्रीनंतर कधीतरी 60च्या खाली उतरते आणि मग पहाटेपर्यंत त्याच पट्ट्यात रेंगाळते, जिथे जंतूंना सर्वांत सुखाचे वाटते. कडेचा भात तर त्याआधीच तिथे पोचलेला असतो. आणि हे मोजायला स्वयंपाकघरात कुणी जागे नसते.

एवढा फरक पडतो तो खोलीमुळे. भात ढवळत राहत नाही, त्यामुळे मधली उष्णता कणाकणाने बाहेर यावी लागते. थर दुप्पट जाड झाला की तिला बाहेर यायला दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून पातेले तसेच फ्रिजमध्ये ढकलूनही काम होत नाही. मधला भात गरम तो गरमच राहतो आणि शेजारच्या दह्या-दुधाचेही तापमान चढते. अमेरिकेच्या अन्नसंहितेत यासाठी दोन टप्पे सांगितले आहेत: 57 अंशांवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत, आणि सुरुवातीपासून एकूण सहा तासांत 5 अंशांपर्यंत. परातीचा थर आणि नंतर फ्रिज हे त्यात बसते. झाकलेले पातेले बसत नाही.

आता निरीक्षणाचा तक्ता. एक शिकाऊ भात काढतो, दुसरा हातात कागद घेऊन बघतो. कुणाला भाजण्याची भीती असेल तरच त्याने तोंड उघडायचे, एरवी गप्प. बहुतेक तक्ते इथेच फसतात, कारण त्यात ‘भात व्यवस्थित थंड केला’ असे लिहिलेले असते आणि समोर बरोबरची खूण करायला कुणालाच जड जात नाही. व्यवस्थित म्हणजे काय, ते बघणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतात त्या गोष्टी विचारायच्या. आच बंद केली किती वाजता? परातीत काढला किती वाजता? थर तीन बोटांच्या आत होता का? सळई मध्ये घातली की कडेला? त्याआधी पुसली का? दोन तासांनी आकडा किती? फ्रिजमध्ये किती वाजता गेला, आणि डब्यावर तारीख-वेळ लिहिली का?

उत्तरासाठी ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्याखेरीज ‘पाहिले नाही’ असा तिसरा रकाना हवाच. बघणारा दोन मिनिटे पाणी प्यायला गेला, तर तेवढ्यात सळई पुसली असेल असे धरून चालायचे नाही. आणि शक्य असेल तर एकाच आचाऱ्यावर दोघांना वेगवेगळे कागद भरू द्यावेत. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर बहुधा दोष बघणाऱ्यांचा नसतो, प्रश्न मोघम असतो. तो वर्गातच बदलून घ्यावा.

या तक्त्याची एक मर्यादा आहे. कुणी बघत असले की माणूस परात काढतो; धावपळीच्या रात्री पुन्हा पातेल्यावर झाकण. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या व्यवस्थेत दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक अपेक्षित आहे. त्याने वर्गातल्या गुणांपेक्षा रोजची तापमानाची वही चाळावी. आठवडाभर रोज नेमका तोच आकडा, नेमक्या त्याच वेळी, एकाच शाईत लिहिलेला दिसला, तर ती वही महिन्याअखेरीस एका बैठकीत भरली असे खुशाल समजावे.

घरी थर्मामीटर नसला तरी हरकत नाही. भात उरणार असे दिसले की ताटात पसरा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी चांगला गरम करून संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र टाकून द्या. त्याला फोडणी घालू नका.