जोडी की दोन गट?

सरासऱ्यांची तुलना करायची असली की टी-चाचणी, हे विद्यार्थ्याला लवकर कळते. घोटाळा पुढच्या प्रश्नावर होतो: दोन्ही मोजमापे त्याच माणसांची आहेत का? समजा, पाच रुग्णांचा रक्तदाब औषधाआधी 150, 142, 160, 138, 155 होता आणि नंतर अनुक्रमे 146, 139, 154, 135, 151 भरला. हे स्वतंत्र गट मानले तर टी जेमतेम 0.74 येतो, कारण माणसामाणसांतला मोठा फरक औषधानंतरची घट झाकून टाकतो. प्रत्येकाची घट मात्र 4, 3, 6, 3, 4 आहे. जोडीच्या चाचणीत टी 7.3 येतो आणि 5 टक्के पातळीची 2.78 ही मर्यादा सहज ओलांडतो. तुलनेसाठी औषधाविना गट नसल्याने ही घट औषधामुळेच झाली, हे मात्र यातून सिद्ध होत नाही.