इटालियन बीजकातले टिंब आणि स्वल्पविराम

इटलीत अपूर्णांक दाखवायला स्वल्पविराम वापरतात आणि हजारांचे गट पाडायला टिंब. भारतात नेमके उलट. त्यामुळे इटालियन कागदावरचे ‘१.२३४,५६’ मराठीत ‘१,२३४.५६’ असे होते. एवढा नियम कळला की काम संपले असे वाटते. पण इटालियन बीजकाच्या भाषांतरातल्या बऱ्याचशा चुका तो नियम सरसकट लावल्यामुळेच होतात. बीजकावरचे प्रत्येक टिंब हजारांचे नसते आणि प्रत्येक आकडा ही संख्याही नसते.

एक नमुना बीजक घेऊ. बोलोन्याच्या परिसरात पॅकिंग यंत्रे बनवणारे अनेक कारखाने आहेत. तिथल्या एका काल्पनिक कारखान्याने पुण्यातल्या खाद्यपदार्थ कंपनीला सुटे भाग पाठवले असे धरू. बीजकात तीन ओळी आहेत. पहिलीत रबरी गॅस्केट : संख्या ‘१.२५०’, दर ‘०,३८४०’, रक्कम ‘४८०,००’. दुसरीत खाद्यपदार्थांच्या यंत्रांना चालणारे ग्रीस : वजन ‘१,२५०’ किलो, दर ‘४८,००’, रक्कम ‘६०,००’. तिसरीत सीलिंगचे जबडे : संख्या २, दर ‘३.४६०,००’, सवलत ‘१०+५’, रक्कम ‘५.९१६,६०’.

पहिल्या दोन ओळींत १, २, ५, ० हेच अंक याच क्रमाने आले आहेत; फरक फक्त मधल्या खुणेचा. गॅस्केट साडेबाराशे आहेत आणि ग्रीस सव्वा किलो. वजन तीन दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे ग्रॅमपर्यंत लिहायची पद्धत असल्यामुळे हा घोटाळा वजनाच्या रकान्यात हमखास होतो. भारतीय डोळ्यांना ग्रीस साडेबाराशे किलो दिसते आणि गॅस्केट सव्वा. सव्वा गॅस्केट मागवण्यात अर्थ नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल. साडेबाराशे किलो ग्रीस मात्र एखाद्या मोठ्या कारखान्यासाठी खपूनही जाईल. म्हणून नुसत्या अंदाजावर न जाता ओळीचा गुणाकार करावा. १२५० गुणिले ०.३८४ बरोबर ४८०. सव्वा गुणिले ४८ बरोबर ६०. रकमेच्या रकान्यात अपूर्णांक नेहमी दोन अंकी असतो, त्यामुळे तिथे स्वल्पविरामाबद्दल शंका उरत नाही, आणि त्या रकमेवरून उलटे मोजत गेले की संख्या आणि दर दोन्ही पक्के होतात. बीजक स्वतःच स्वतःचा साक्षीदार असते, आणि ही सोय बाकीच्या कागदपत्रांत क्वचितच मिळते.

तिसऱ्या ओळीतली सवलत ‘१०+५’ ही पंधरा टक्के नव्हे. आधी दहा टक्के वजा करायचे आणि जे उरेल त्यावर पाच टक्के, अशी ही इटालियन व्यापारातली रूढ लेखनपद्धत आहे. ६,९२० मधून दहा टक्के गेले की ६,२२८ उरतात, त्यातून पाच टक्के गेले की ५,९१६.६०. सरळ पंधरा टक्के धरले तर ५,८८२ येतात आणि ३४.६० युरोंचा फरक पडतो. मराठीत ‘आधी १० टक्के, उरलेल्यावर ५ टक्के’ असे उलगडून लिहिलेले बरे. वाहतुकीचे १८५ युरो मिळवून एकूण बीजक ६,६४१.६० युरोंचे होते.

आता संख्या नसलेल्या आकड्यांकडे वळू. याच बीजकावर ‘८४२२.९०’ असा सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांक आहे, पॅकिंग यंत्रांच्या सुट्या भागांचा. निर्यातीवर मूल्यवर्धित कर लागत नाही, म्हणून कराच्या रकान्यात ‘N3.1’ हा संकेत आहे आणि खाली आधार म्हणून १९७२ च्या कर आदेशाचा उल्लेख ‘६३३/७२’ असा दिला आहे. बीजक क्रमांक ‘१४५/२०२४’ आहे. यांतले काहीही बदलायचे नाही. शब्दप्रक्रियेत ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळी टिंबे स्वल्पविरामांत फिरवली तर वर्गीकरण क्रमांक ‘८४२२,९०’ होतो, आणि सीमाशुल्काच्या कागदांत तो कोणी शोधू शकत नाही. त्या आज्ञेचा दुसरा दोष तर त्याहून वाईट. आधी सगळे स्वल्पविराम टिंबे केले आणि मग सगळी टिंबे स्वल्पविराम केली, तर दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीचे कामही उलटते आणि संख्येत नुसते स्वल्पविराम उरतात. अनुभवी भाषांतरकार पहिल्या वाचनात प्रत्येक आकड्याला ‘मोजायचा’ की ‘ओळखायचा’ असे ठरवून टाकतात, आणि फक्त मोजायच्या आकड्यांची खूण बदलतात.

तारखांच्या बाबतीत इटली आणि भारत यांचा क्रम एकच आहे : दिवस, महिना, वर्ष. ०५/०३/२०२४ म्हणजे दोन्हीकडे ५ मार्च. इथे अडचण माणसामुळे नव्हे तर संगणकामुळे येते. तक्त्याचा प्रोग्राम अमेरिकी मांडणीवर असेल तर तीच तारीख मुकाट्याने ३ मे होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. दिवस बारापेक्षा मोठा असलेल्या तारखा, उदाहरणार्थ ३०/०४/२०२४, अमेरिकी क्रमात बसत नाहीत. त्या तारीख न होता मजकूर म्हणून डाव्या कडेला चिकटून राहतात. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्याच चुकल्या आहेत असे समजावे. संख्यांचेही तसेच : भारतीय मांडणीत ‘१.२५०’ चिकटवले की ते कोणतीही सूचना न देता १.२५ होते. आयात करतानाच त्या रकान्यासाठी इटालियन मांडणी निवडली तर दोन्ही प्रश्न मिटतात. मराठीत मात्र तारीख ‘५ मार्च २०२४’ अशी अक्षरी महिन्यासह लिहावी, म्हणजे पुढे ती कोणाच्याही संगणकावर गेली तरी फिरत नाही.

देयतेची मुदत हा तारखांचाच पुढचा भाग. `30 gg d.f.f.m.` या आद्याक्षरांचा अर्थ ‘बीजकाच्या तारखेपासून तीस दिवस, त्या महिन्याची अखेर’. ५ मार्चपासून तीस दिवस ४ एप्रिलला भरतात, त्या महिन्याची अखेर ३० एप्रिल. ‘तीस दिवसांत पैसे द्यावेत’ असे भाषांतर केले तर खरेदीदाराचे सव्वीस दिवस बुडतात. बीजकावर देय तारीख छापलेली असेल तर अट आणि तारीख दोन्ही उतरवावीत. नसेल तर अट लिहावी आणि तारीख काढण्याचे काम हिशेबनिसावर सोडावे.

१ जानेवारी २०१९ पासून इटलीत खासगी व्यवहारांची बीजकेही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सरकारी यंत्रणेमार्फत पाठवावी लागतात. परदेशी ग्राहकाला सहसा त्याची सौजन्यप्रत पीडीएफमध्ये मिळते, पण कधी मूळ फाइलही हातात येते. तिच्यातल्या निवडक ओळी अशा असतात :

```
<Data>2024-03-05</Data>
<Quantita>1250.00</Quantita>
<PrezzoUnitario>0.3840</PrezzoUnitario>
<PrezzoTotale>480.00</PrezzoTotale>
```

शब्द इटालियन आहेत, पण अपूर्णांकाला टिंब आहे, हजारांना काहीच नाही आणि तारीख वर्षापासून सुरू होते. इटालियन कागद म्हणून इथेही खुणा फिरवल्या तर ४८० चे ४८,००० होतील. तेच बीजक छापील रूपात ‘१.२५०’ दाखवते आणि फाइलमध्ये ‘1250.00’. खूण देशावरून नव्हे, समोरच्या कागदावरून ठरवायची असते ती यामुळेच.

चलनाचे नाव कधी संख्येच्या आधी येते, कधी नंतर, मराठीत ‘६,६४१.६० युरो’ हे सगळीकडे सारखे ठेवावे. रक्कम रुपयांत बदलू नये. आयातीसाठी सीमाशुल्काचे मूल्य ठरवताना सरकारने ठरवलेला दरच लागतो, बँकेचा किंवा वर्तमानपत्रातला नाही. शिवाय तो बदलत असतो. चेक, हुंडी किंवा करारात इटालियन रक्कम अक्षरी एकाच जोडशब्दात येते आणि शेवटी ‘/६०’ असते. हा अपूर्णांक नव्हे, साठ सेंट.

वार्षिक अहवालांत मात्र लाख-कोटींचा प्रश्न येतो. इटालियन ‘मिल्योने’ म्हणजे दहा लाख, ‘मिल्यार्दो’ म्हणजे शंभर कोटी. ‘२,४ मिल्यार्दी’ची विक्री म्हणजे २४० कोटी युरो. ‘बिल्योने’ हा शब्द दिसला तर जास्त जपावे : तो इंग्रजी बिलियन नाही, त्याच्या हजारपट आहे, म्हणजे एक लाख कोटी. तक्त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘हजार युरोंत’ असे लिहिलेले असते, आणि तेवढी ओळ सुटली की सगळा अहवाल हजारपटीने चुकतो. अशा तक्त्यातले ‘१२.३४५’ म्हणजे एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार युरो. तक्त्यात ‘१२,३४५’ ठेवून डोक्यावर ‘आकडे हजार युरोंत’ लिहिणे आणि मजकुरात कोटी-लाख वापरणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. प्रत्येक खाना कोटींत बदलत बसले की चुकीला तितक्या जागा वाढतात, आणि मूळ तक्त्याशी ताडून पाहणेही अवघड होते.

इटालियन दिवाणी संहितेच्या कलम २४२३ नुसार ताळेबंद पूर्ण युरोंत, दशांशाशिवाय मांडायचा असतो. त्यामुळे बेरीज एखाद्या युरोने जुळत नाही असे पुष्कळदा होते. तो पूर्णांकनाचा फरक असतो आणि भाषांतरात तो जसाच्या तसा राहिला पाहिजे. भाषांतरकाराने दुरुस्त केलेली बेरीज ही मूळ कागदात नसलेली बेरीज असते.

विचित्र दिसणाऱ्या काही रकमाही अशाच सोडायच्या असतात. कर न लागलेल्या काही देशांतर्गत बीजकांवर दोन युरोंची मुद्रांक तिकिटे लागतात, आणि त्याची मर्यादा ‘७७,४७’ युरो अशी आहे. हा छपाईचा दोष नाही. लिराच्या काळात ती दीड लाख लिरा होती, आणि १ युरो म्हणजे १९३६.२७ लिरा या कायम ठरलेल्या दराने तिचे ७७.४७ युरो झाले. कर कायद्यात दिसणारे ‘५१६,४६’ म्हणजे अशीच दहा लाख लिरा. लिरा २००२ साली खिशातून गेली, पण कायद्याच्या मजकुरात ती अशी दोन दशांश स्थळांत टिकून आहे. या रकमा ७७.४७ आणि ५१६.४६ अशाच लिहाव्यात, पूर्णांकात नेऊ नयेत.